मुखवटा कुणाला बसतो? शर्ली कार्डापासून फेस-स्वॅपपर्यंत

१/
जानेवारी २०२० मध्ये सनडान्स महोत्सवात ‘वेलकम टू चेचन्या’ हा माहितीपट प्रथम दाखवला गेला. दिग्दर्शक डेव्हिड फ्रान्स. विषय होता चेचन्यातील समलिंगी व्यक्तींचा छळ आणि तेथून जीव वाचवून निसटणारी माणसे. साक्षीदारांचे चेहरे दाखवले तर त्यांच्या व कुटुंबीयांच्या जिवाला धोका. चेहरे धूसर केले तर त्यांची भीती, आशा, अश्रू प्रेक्षकांपर्यंत पोहोचणार नाहीत. त्यावर तोडगा निघाला तो चेहरा बदलण्याचा. न्यूयॉर्कमधील स्वयंसेवकांनी आपले चेहरे ‘उसने’ दिले आणि साक्षीदारांच्या चेहऱ्यावर ते संगणकाद्वारे चढवण्यात आले.

२/
ज्या तंत्राची ख्याती फसवणूक व बदनामीसाठी झाली, तेच येथे ढाल झाले. मात्र येथे एक प्रश्न उभा राहतो. साक्षीदार सावळा किंवा गडद वर्णाचा असता, तर आजच्या तयार मॉडेलांनी त्याला हीच ढाल इतक्याच खात्रीने दिली असती का? अनेकदा नाही, असे उत्तर द्यावे लागते. त्याची कारणे समजून घ्यायची तर संगणकाच्या आधीच्या काळात, फोटोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत जावे लागते.

३/
विसाव्या शतकाच्या मध्यास कोडॅक कंपनी रंगीत छायाचित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळांना एक संदर्भपत्र पाठवत असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचे छायाचित्र असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून अशा पत्रांना ‘शर्ली कार्ड’ म्हटले जाऊ लागले. तंत्रज्ञाने यंत्राचे रंग असे जुळवायचे, की शर्लीची त्वचा ‘योग्य’ दिसली पाहिजे. ती योग्य दिसली म्हणजे यंत्र योग्य. एकाच छायाचित्रात गोरी व काळी मुले शेजारी बसली, तर काळ्या मुलाच्या चेहऱ्यातील बारकावे हरवत आणि उरत ते डोळे व दात. तो दोष मात्र यंत्राच्या नावावर कधी नोंदला जात नसे.

४/
कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये हा इतिहास सविस्तर मांडला. त्यातील सर्वांत बोचरा तपशील कोडॅकच्या माजी अधिकाऱ्यांच्या आठवणींतून येतो. गडद छटा नीट टिपण्यासाठी फिल्म सुधारण्याचा दबाव आला, त्यात मोठा वाटा चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांचा होता. जाहिरातीत आपले चॉकलेट व शिसवी लाकूड सपाट दिसते, ही त्यांची तक्रार. याचा अर्थ, रसायनशास्त्राला हे जमत नव्हते असे नाही; ते जमवून घ्यावे असे कुणी पुरेशा मोठ्या आवाजात म्हटले नव्हते. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र दाखवणारे कार्ड १९९०च्या दशकात आले.

५/
शर्ली कार्डाचा धडा पुढील सर्व गोष्टींना लागू पडतो. यंत्र ज्या नमुन्यावर जुळवले जाते, तोच नमुना पुढे यंत्राची परीक्षा घेण्यासाठी वापरला, तर दोष दिसतच नाही. परीक्षक आणि विद्यार्थी एकाच चुकीच्या पुस्तकातून शिकलेले असतात.

६/
आता २००१ सालाकडे वळू. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी छायाचित्रात चेहरा कुठे आहे हे झटपट शोधणारी पद्धत मांडली. तिचे पहिले निकष साधे होते : डोळ्यांचा पट्टा खालच्या गालांपेक्षा गडद असतो, डोळे नाकाच्या दांड्यापेक्षा गडद असतात. प्रकाश भरपूर असेल तर हे बहुतेक चेहऱ्यांना लागू पडते. परंतु गडद त्वचा, मंद उजेड आणि उजळ पार्श्वभूमीसाठी लावलेला कॅमेरा असे तिन्ही जुळून आले, की डोळे आणि गाल यांच्या उजेडातील फरक आकसतो. ज्या फरकावर निकष उभा आहे, तोच फरक नाहीसा होऊ लागतो.

७/
२००७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील संशोधकांनी ‘लेबल्ड फेसेस इन द वाइल्ड’ हा संग्रह प्रसिद्ध केला : ५,७४९ व्यक्तींची १३,२३३ छायाचित्रे, बातम्यांतून घेतलेली. पुढे कित्येक वर्षे चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणांची ही मुख्य कसोटी होती. त्यातील चेहरे निवडले कसे? व्हायोला-जोन्स डिटेक्टरने. ज्या चेहऱ्यावर डिटेक्टर अडखळला, तो चेहरा संग्रहात येऊच शकला नाही. नंतरच्या एका मोजणीत संग्रहातील सुमारे ८३.५ टक्के चेहरे गोऱ्या व्यक्तींचे आणि सुमारे ७७.५ टक्के पुरुषांचे असल्याचा अंदाज निघाला. एकट्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची त्यात ५३० छायाचित्रे होती.

८/
त्यानंतरचे संग्रह आकाराने अवाढव्य झाले, पण वृत्ती तीच राहिली. २०१५च्या ‘सेलेबए’मध्ये दोन लाखांहून अधिक छायाचित्रे, तर २०१८च्या ‘व्हीजीजीफेस२’मध्ये सुमारे ३३ लाख छायाचित्रे व ९,१३१ व्यक्ती. दोन्हींचा गाभा प्रसिद्ध माणसांचा, म्हणजे इंटरनेटवर ज्यांची छायाचित्रे मुबलक आहेत त्यांचा. प्रसिद्धीचे वाटप जगात जसे विषम, तसेच चेहऱ्यांचेही. शिवाय प्रसिद्ध व्यक्तीचे छायाचित्र बहुधा चांगल्या दिव्यात, व्यावसायिक कॅमेऱ्याने काढलेले असते. कंदिलाच्या उजेडात बोलणारा साक्षीदार त्यात नसतो.

९/
फेस-स्वॅप मॉडेल प्रत्यक्षात काय करते? २०२०च्या ‘सिमस्वॅप’चे उदाहरण घेऊ, कारण त्याची रचना प्रसिद्ध आहे आणि त्याचे शिक्षण ‘व्हीजीजीफेस२’वरच झाले. प्रथम दोन्ही छायाचित्रांतील चेहरा शोधला जातो. मग उसना चेहरा एका ‘ओळख-एन्कोडर’कडे जातो. हा एन्कोडर संपूर्ण चेहऱ्याचे सार ५१२ संख्यांच्या यादीत उतरवतो. शेवटी जनरेटर मूळ चित्रातील मान, हावभाव व प्रकाश कायम ठेवून, त्या यादीबरहुकूम नवा चेहरा रंगवतो. ‘वेलकम टू चेचन्या’मध्ये प्रत्येक साक्षीदारासाठी स्वतंत्र मेहनत घेतली गेली होती, आजची एका छायाचित्रावर चालणारी साधने ती मेहनत या ५१२ संख्यांवर सोपवतात.

१०/
म्हणून सारे काही त्या यादीच्या बारकाव्यावर अवलंबून राहते. हा बारकावा सर्वांना समान मिळतो का, याचा भक्कम पुरावा डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने दिला. तिने १८९ अल्गोरिदम तपासले. फेस-स्वॅपचे नव्हेत, चेहरा ओळखण्याचे. परंतु स्वॅपमधील एन्कोडर याच कुळातले. दोन अनोळखी व्यक्तींना एकच समजण्याची चूक पश्चिम व पूर्व आफ्रिकी आणि पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत, अल्गोरिदमनुसार, १० ते १०० पट अधिक आढळली.

११/
त्याच अहवालात आणखी एक निरीक्षण होते. चीनमध्ये तयार झालेल्या कित्येक अल्गोरिदमांत पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबतची ही वाढीव चूक दिसत नव्हती. दोष त्या चेहऱ्यांत असता, तर तो सर्वत्र सारखाच दिसायला हवा होता. यंत्राने कोणते चेहरे पाहून शिक्षण घेतले, याकडे हा फरक बोट दाखवतो.

१२/
स्वॅपच्या भाषेत याचा अर्थ असा. एन्कोडरच्या नकाशावर गोऱ्या चेहऱ्यांची गावे दूरदूर, प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता. कमी पाहिलेल्या समूहाची घरे मात्र एकाच गल्लीत दाटीने उभी. जनरेटर शिकताना त्याला दंड मिळतो तो ‘तुझा चेहरा उसन्या चेहऱ्याच्या पत्त्यापासून किती लांब आहे’ यावर. गल्ली दाट असेल, तर त्या समूहाचा कोणताही सरासरी चेहरा पत्त्याच्या जवळच पडतो आणि दंड थोडाच होतो. मॉडेलला नेमका चेहरा शिकण्याचे कारणच उरत नाही. म्हणून अशा अदलाबदलीत निघणारा चेहरा सुबक असतो, पण तो कुणाचाच नसतो.

१३/
दुसरे कारण साध्या अंकगणितात आहे. मॉडेलला शिकवताना रंगवलेला ठिपका आणि अपेक्षित ठिपका यांतील फरकही मोजला जातो. ठिपक्याची उजळता ० ते २५५. उजळ गालाचे मूल्य २०० आणि चूक १० टक्के, तर फरक २०. गडद गालाचे मूल्य ५० आणि चूक तीच १० टक्के, तर फरक अवघा ५. चूक प्रमाणात सारखी, दंड मात्र चौथा हिस्सा. मॉडेलला इतरही दंड असतात, पण हा दंड गडद चेहऱ्याचे सूक्ष्म उठाव कमी लेखतो, हे निश्चित.

१४/
यात प्रकाशाचा स्वभावही मिसळतो. त्वचेच्या पृष्ठभागावरून परतणारी चमक सर्व वर्णांत साधारण सारखी असते. आतून विखरून येणारा प्रकाश गडद त्वचेत कमी. त्यामुळे गडद चेहऱ्याचा आकार पुष्कळसा कपाळ, नाक व गालाच्या चमकेतून कळतो. अनेक साधने शेवटी मूळ चित्राच्या सरासरी रंगाशी नवा चेहरा जुळवतात. सरासरी जुळते, चमक राखाडी पडते, आणि चेहऱ्यावर राख फासल्यासारखी छटा येते. कान व मान मूळच्या, मधला चेहरा मात्र पाहुणा. साक्षीदाराच्या मुखवट्याची कड तेथेच उघडी पडते.

१५/
आता परीक्षेकडे. चांगली परीक्षा कशी असते याचा ऐतिहासिक नमुना २०१८चा ‘जेंडर शेड्स’ हा अभ्यास आहे. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी छायाचित्रावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यावसायिक सेवा तपासल्या. त्यांची एकूण अचूकता ८८ ते ९४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वरवर चांगली. पण रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, आइसलँड, फिनलंड व स्वीडन यांच्या संसदसदस्यांची १,२७० छायाचित्रे वर्ण व लिंग या दोन्हींनुसार विभागताच सरासरीचा पडदा दूर झाला. फिकट वर्णाच्या पुरुषांत चूक कमाल ०.८ टक्के, गडद वर्णाच्या स्त्रियांत ३४.७ टक्क्यांपर्यंत.

१६/
या अभ्यासातून स्वॅपच्या परीक्षेची पहिली पायरी मिळते : आधी कप्पे, मग सरासरी. वंशाचे नाव हा कप्पा म्हणून ढोबळ ठरतो. ‘भारतीय’ या एका शब्दात कोकणातला खलाशी, गडचिरोलीतली शेतकरीण आणि नागालँडमधला विद्यार्थी असे तिघेही येतात. म्हणून त्वचेची छटा मोजावी. रंगपट्टी समोर धरून, सारख्या दिव्यात छायाचित्र घ्यावे आणि गालाच्या उजळतेवरून (L*) व पिवळसरपणावरून (b*) एक कोन काढावा :

```
ITA = arctan((L* − 50) / b*) × 180 / π
```

L* ६८ व b* १५ असेल तर कोन सुमारे ५०°, म्हणजे फिकट छटा. L* ३८ व b* १६ असेल तर सुमारे −३७°, म्हणजे गडद. रंगपट्टी नसेल तर हा आकडा त्वचेपेक्षा दिव्याबद्दलच अधिक बोलतो.

१७/
दुसरी पायरी जोड्यांची. साक्षीदार फिकट किंवा गडद, स्वयंसेवक फिकट किंवा गडद, असे चार कप्पे करावेत आणि प्रत्येक कप्पा भरपूर व मंद अशा दोन्ही उजेडांत चित्रित करावा. असे केल्यानेच दोष त्वचेमुळे आहे, अंधारामुळे आहे की दोन वेगळे वर्ण जोडल्यामुळे आहे, हे वेगळे करता येते. कुंकू, नथ, डोक्यावरचा पदर, फेटा यांनाही चाचणीत जागा हवी. कपाळ झाकले की मुखवट्याची कड कुठे संपते, हा प्रश्न मॉडेलला नव्याने सोडवावा लागतो. भाग घेणाऱ्यांची संमती आणि मोबदला हा शिष्टाचारापुरता विषय नव्हे : संमतीविना गोळा केलेल्या चेहऱ्यांतूनच हा सारा तिढा निर्माण झाला आहे.

१८/
तिसरी पायरी सर्वाधिक वेळा चुकते. डिटेक्टरला चेहराच सापडला नाही, तर अनेक परीक्षक ती फ्रेम गाळून उरलेल्यांची गुणवत्ता मोजतात. हीच ती २००७ची चाळणी, नव्या रूपात. न सापडलेला चेहरा शून्य गुणांचा धरला पाहिजे, कारण त्या फ्रेममध्ये साक्षीदाराचा खरा चेहरा पडद्यावर जातो. दहा मिनिटांच्या साक्षीत, सेकंदाला २५ या हिशेबाने, १५,००० फ्रेम असतात. ९९.९ टक्के यश म्हणजे १५ फ्रेम उघड्या. पडदा थांबवून पाहणाऱ्या शत्रूला एक फ्रेम पुरेशी असते. म्हणून सरासरीसोबत प्रत्येक कप्प्यातील सर्वांत वाईट फ्रेमही नोंदवावी.

१९/
चौथी पायरी ओळखीची. नव्या चेहऱ्यातून साक्षीदार ओळखला जातो का? हे तपासणारा एन्कोडर मॉडेलच्या शिक्षणात वापरलेला नसावा. नाहीतर शर्ली कार्ड पुन्हा भिंतीवर लागले. साम्याचा नुसता आकडाही पाहू नये, कारण दाट गल्लीत सर्वांचेच आकडे मोठे येतात. त्याऐवजी त्याच छटेच्या, त्याच लिंगाच्या व जवळपासच्या वयाच्या २०० व्यक्तींची रांग लावावी, साक्षीदाराला त्यात मिसळावे आणि नव्या चेहऱ्याशी साम्यात तो कितवा येतो ते पाहावे. मुखवटा पक्का असेल तर तो रांगेत कुठेही येईल. वारंवार पहिल्या पाचांत आला, तर मूळ चेहरा झिरपतो आहे.

२०/
रांग त्याच समूहाची असणे अटळ आहे. २०० फिकट चेहऱ्यांत एक गडद साक्षीदार मिसळला, तर केवळ छटेमुळे तो पहिला येईल आणि मुखवटा पक्का असूनही गळका भासेल. उलट स्वयंसेवकाचा चेहरा किती उतरला हे अशा मिश्र रांगेत मोजले, तर ‘कुणीतरी गडद व्यक्ती’ एवढेच रंगवलेल्या मॉडेललाही पैकीच्या पैकी गुण मिळतील. दोन्ही चुका एकाच मोजपट्टीतून निघतात.

२१/
यंत्रानंतर माणसाचे डोळे हवेत, पण कुणाचे? आपल्या सवयीच्या समूहातील चेहरे माणसाला अधिक अचूक ओळखता येतात, हे मानसशास्त्रात १९६९ पासूनच्या प्रयोगांनी दाखवले आहे. ज्या डोळ्यांना गडद चेहऱ्यांची सवय नाही, त्यांना राखाडी गालही चालून जातो. म्हणून परीक्षकांत साक्षीदाराच्या समूहातील माणसे असावीत, आणि शक्य तर त्याला प्रत्यक्ष ओळखणारी दोनचार विश्वासू माणसेही. धोका शेवटी शेजाऱ्याने ओळखण्याचाच असतो.

२२/
शेवटी आकड्यांचा संयम. समजा, एका कप्प्यात ४० व्यक्ती आहेत आणि चौघांचा मुखवटा गळला. हे १० टक्के दिसतात, पण खरे प्रमाण ९५ टक्के खात्रीने साधारण ४ ते २३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. ४०० व्यक्तींत ४० गळले, तर ही पट्टी सुमारे ७ ते १३ वर येते. एकाच माणसाच्या हजार फ्रेम म्हणजे हजार माणसे नव्हेत. मोजणी व्यक्तींची करावी. आणि ४० पैकी एकही गळला नाही, तरी खरे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपासपर्यंत असू शकते. जिवाचा प्रश्न असेल, तर एवढी अनिश्चितता घेऊन मुखवटा चढवावा का, हे साक्षीदारासमोर आकड्यांसह मांडून त्यालाच ठरवू द्यावे.

२३/
अलीकडे छटांचे संतुलन राखणारे, संमतीने जमवलेले संग्रह निघू लागले आहेत. २०२३च्या ‘कॅज्युअल कॉन्व्हर्सेशन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीत सात देशांतील ५,५६७ व्यक्ती मोबदला घेऊन सहभागी झाल्या आणि त्यांत भारतही आहे. त्यांचा उपयोग परीक्षेसाठी होतो; मात्र एन्कोडर जुनाच राहिला, तर परीक्षा केवळ दोष दाखवते, तो दूर करत नाही.

२४/
चॉकलेटवाल्यांची तक्रार कोडॅकने ऐकली, कारण ते गिऱ्हाईक होते. ‘वेलकम टू चेचन्या’त एक क्षण असा येतो, की पत्रकार परिषदेत एका साक्षीदाराचा मुखवटा पडद्यावर विरघळतो आणि तो आपल्या खऱ्या चेहऱ्याने व नावाने जगासमोर उभा राहतो. तो क्षण त्याने स्वतः निवडला होता. मॉडेल अडखळल्यामुळे उघड्या पडलेल्या चेहऱ्याला अशी निवड मिळत नाही.